क्रेन पडली तर कुठवर पोचेल?

रविवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक लहानशी चौकट असते. अमुक ते तमुक स्थानकांदरम्यान मध्यरात्री १.१० ते ४.१० ब्लॉक, शेवटची लोकल इतक्या वाजता, पहिली लोकल इतक्या वाजता. मुंबईकर आपली गाडी सुटते आहे का एवढं बघतो, थोडं कुरकुरतो आणि पान उलटतो. कारण म्हणून फक्त ‘पादचारी पुलाचा गर्डर टाकण्यासाठी’ एवढं लिहिलेलं असतं. त्या तीन तासांसाठी आधी दोन-अडीच महिने कागदावर काम चाललेलं असतं. त्या कागदांत एक प्रकरण असतं ते जोखमीच्या आढाव्याचं. चालू रेल्वेमार्गाशेजारी क्रेननं वजन उचलताना काय काय बिघडू शकतं, माणसांना कुठं येऊ द्यायचं नाही, आणि बिघडू नये म्हणून काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

पुलांच्या कामावर वीस-बावीस वर्षं मी हे प्रकरण लिहिलं, तपासलं आणि काही वेळा परत पाठवलं. परत पाठवण्याचं कारण बहुतेकदा एकच असे. कागदात धोके सगळे लिहिलेले असत. स्लिंग तुटेल, वारा सुटेल, कामगार घसरेल. पण एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसे, तो म्हणजे ही क्रेन आडवी पडली तर तिचं टोक कुठवर पोचेल, आणि त्या वेळी तिथं गाडी असेल का? हा लेख मुख्यतः त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

समजण्यासाठी एक जागा डोळ्यांसमोर आणू. आकडे माझे, उदाहरणापुरते. पण अशा जागा उपनगरी मार्गावर जागोजागी आहेत. रुळांच्या पूर्वेला रेल्वेचीच थोडी मोकळी जमीन, मग दोन मार्ग, मग दोन्ही बाजूंना गाड्या लागणारा मधला फलाट आणि फलाटापलीकडे आणखी दोन मार्ग. पूर्वेकडच्या जमिनीवरून मधल्या फलाटापर्यंत पादचारी पुलाचा एक गाळा टाकायचा आहे. क्रेन पूर्वेला उभी राहणार. तिच्या मध्यापासून पहिला रूळमार्ग १२ मीटरवर, दुसरा साडेसोळा मीटरवर, फलाटापलीकडचा तिसरा २८ मीटरवर आणि चौथा साडेबत्तीस मीटरवर. गर्डर जिथं बसवायचा, त्याचा मध्य क्रेनपासून १६ मीटरवर येतो. उचलायला २०० टनी क्रेन आणि ३४ मीटर लांब बूम, म्हणजे क्रेनचा तो लांब हात.

कंत्राटदाराचा पहिला कागद अशा वेळी जवळजवळ नेहमी सारखाच येतो. गर्डर पहिल्या दोन मार्गांवरून जाणार, म्हणून त्या दोन मार्गांवर ब्लॉक हवा. पलीकडच्या दोन मार्गांवर गाड्या चालू राहतील. वाचायला हे अगदी रास्त वाटतं. गर्डर जिथं जाणारच नाही तिथल्या गाड्या कशाला थांबवायच्या? रेल्वेलाही ते हवंच असतं, कारण जलद मार्गांवर रात्री लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या असतात.

पण बूम ३४ मीटरची आहे. क्रेन रुळांच्या दिशेनं कोसळली, तर बूम पहिल्या दोन मार्गांवर अडून राहील असं काहीच तिथं नाही. ती फलाट ओलांडून चौथ्या मार्गापर्यंत सहज पोचते. म्हणजे चारही मार्ग तिच्या पडण्याच्या टप्प्यात आहेत. गर्डर कुठं जाणार ही एक रेषा झाली. क्रेन कुठं पडू शकते ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा खूप मोठी असते. ब्लॉक कुठल्या मार्गांवर घ्यायचा, हे या दुसऱ्या रेषेवरून ठरवावं लागतं.

‘पण क्रेन पडणार कशाला?’ हा प्रश्न मला तरुण इंजिनिअरांनी अनेकदा विचारला आहे. तो योग्यच आहे, म्हणून त्याचं उत्तर सावकाश देतो.

२०० टनी क्रेन म्हटलं की लोकांना वाटतं, ती २०० टन उचलते. ते खरं असतं फक्त क्रेनला अगदी चिकटून, तीन मीटरच्या आसपास. पसरलेल्या हातात पाण्याची बादली धरून पाहा. कोपर अंगाशी असताना जी सहज पेलते, तीच हात लांबवला की खांदा खाली ओढते. क्रेनचं तसंच आहे. वजन जितकं लांब, तितकी तिची ताकद झपाट्यानं कमी होत जाते. आपल्या उदाहरणात १६ मीटरवर तिच्या तक्त्यात ३६ टन लिहिलेत असं धरू. १८ मीटरवर ते ३१ होतात. दोन मीटरच्या फरकानं पाच टन गेले.

आता वजन किती? नकाशावर गर्डर १८ टनांचा आहे. पण नकाशा काढला तेव्हा जोडपट्ट्या, बोल्ट, तळाचे पत्रे, रंगाचे थर यांचा हिशेब अर्धवट धरलेला असतो. तयार तुकडा साडेवीस टन भरतो. शिवाय हूक आणि त्याचा ब्लॉक, स्लिंग, शॅकल, वर लावलेला आडवा तुळईसारखा स्प्रेडर, हे सगळं क्रेनच्याच हाताला लटकलेलं असतं. ते तीन टन. एकूण साडेतेवीस. ३६ च्या तुलनेत हे ६५ टक्के झालं. क्रेनच्या ताकदीच्या ७५ टक्क्यांवर रुळांशेजारी जायचं नाही असं आम्ही ठरवलेलं असे, तेव्हा हे बसतं. पण जागेवर कुणी क्रेन दोन मीटर मागं उभी केली, कारण तिथं गटाराचं झाकण होतं, तर तेच वजन ७६ टक्क्यांवर जातं. कागद तोच, सही तीच, पण आता ती दुसरीच उचल झाली. म्हणून क्रेनच्या मध्याची खूण जमिनीवर चुन्यानं आखून, टेपनं मोजून, फोटो काढून ठेवायची. आणि ती खूण हलली तर कागद रद्द समजायचा, असं आढाव्यात स्पष्ट लिहावं लागतं.

तरीही माझ्या अनुभवात क्रेनला धोका वरून कमी आणि खालून जास्त असतो. क्रेन चाकांवर उभी राहून उचलत नाही. ती चार बाजूंना पाय काढते, त्यांना आउटरिगर म्हणतात, आणि त्यांच्यावर उचलली जाते. स्वतः क्रेन आणि तिचं मागचं काउंटरवेट मिळून १३० टन, वर आपले साडेतेवीस. बूम एका कोपऱ्याच्या दिशेला आली की या साऱ्याचा पाऊण भाग एकट्या त्या पायावर येऊ शकतो, म्हणजे सुमारे ११५ टन. पायाची थाळी असते जेमतेम दोन फूट बाय दोन फूट. पोत्याला सुई टोचावी तसा तो पाय जमिनीत जाईल. म्हणून खाली पोलादी मॅट टाकतात. ती किती मोठी? रुळांशेजारची जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी भराव: मुरूम, जुनी राख, कधीकाळची खडी, मध्येच काढलेल्या पायाचे तुकडे. तिची ताकद चाचणीत चौरस मीटरला आठ टन निघाली असं धरा. चार बाय तीनची मॅट टाकली तर दाब साडेनऊ टनांवर जातो, चालणार नाही. पाच बाय तीनची टाकली तर साडेसातच्या आसपास येतो, चालेल. एवढंसं गणित आहे. पण ते न करता ‘मोठ्या प्लेट टाका’ असं लिहिलेले कागद मी पाहिले आहेत, आणि लाकडी स्लीपर आडवे टाकून काम भागवलेलंही पाहिलं आहे.

त्यातही खाली काय पुरलंय हे वरून दिसत नाही. सिग्नलच्या केबल, जुनी गटारं, विटांची मोरी, पाण्याची लाइन. रेल्वेचा सिग्नल विभाग, विद्युत विभाग आणि महापालिका या तिघांकडून नकाशे घेऊन, शिवाय हातानं चर खणून खात्री करावी लागते. नकाशावर नसलेली मोरी चरात सापडते, हे नवल नाही. गटार किंवा भरावाची कड जवळ असेल, तर पाय त्या खोलीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवायचा, असा आमचा नियम होता.

जमीन खचते आहे हे कळतं कसं? प्रत्येक पायाशेजारी एक खुणेची पट्टी लावून लेव्हल यंत्रानं वाचन घ्यायचं. गर्डर जमिनीपासून फक्त चार-सहा इंच उचलायचा आणि दहा मिनिटं तसाच धरायचा. मग पुन्हा वाचन. एखादा पाय दुसऱ्यांपेक्षा सेंटीमीटरभर जास्त बसला असेल, तर गर्डर खाली ठेवायचा, चर्चा नंतर. सेंटीमीटरनं काय होतं, असं वाटेल. क्रेन एका अंशानं कलली, तर ३० मीटर उंचीवरचं बूमचं टोक अर्ध्या मीटरहून अधिक बाहेर जातं. वजन बाहेर गेलं की त्याच पायावर आणखी भार येतो, तो आणखी खचतो. ही साखळी सुरू झाली की ऑपरेटरच्या हातात काही उरत नाही. क्रेनमधलं वजनाचं मीटर अशा वेळी सावध करेल अशी अनेकांची समजूत असते. ते मीटर हूकवरचं वजन आणि बूमचा कोन मोजतं. पायाखालच्या जमिनीची अवस्था त्याला समजत नाही.

त्या दहा मिनिटांचा दुसरा उपयोगही आहे. मीटरवर खरं वजन दिसतं. हिशेबात साडेतेवीस आणि मीटरवर सव्वीस आलं, तर कुणाचं तरी गणित चुकलंय. तेव्हा काम थांबवायला आढाव्यात आधीच लिहून ठेवलेलं हवं. रात्री दोन वाजता, दीडशे माणसं खोळंबलेली असताना, ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. कागदावरचं वाक्य तेव्हा तरुण इंजिनिअरच्या पाठीशी उभं राहतं.

दोन क्रेन मिळून एक वजन उचलायचं असेल, तर हे सगळं दुप्पट नव्हे, त्याहून अवघड होतं. एक क्रेन ढळली की तिचा वाटा क्षणात दुसरीवर पडतो. दिल्लीत १२ जुलै २००९ रोजी मेट्रोच्या पुलाचं काम झमरूदपूरजवळ कोसळलं. दुसऱ्या दिवशी तिथला मोडलेला सांगाडा उचलताना क्रेन एकामागून एक उलटल्या. अपघातानंतरची आवराआवरही एक स्वतंत्र उचल असते, तिचाही स्वतंत्र आढावा लागतो, हे त्या दोन दिवसांनी दाखवलं. रुळांशेजारी शक्य असेल तर एकच मोठी क्रेन आणा, असं मी नेहमी सांगत आलो. त्याहून बरं म्हणजे क्रेन टाळता आली तर पाहा. अंधेरीच्या गोखले पुलाचा अजस्र गर्डर हवेत फिरवून नव्हे, रुळांच्या वरून पुढे सरकवत नेला, तो अशाच विचारानं. लहान पादचारी पुलाला ते दर वेळी परवडत नाही, आणि क्रेनच आणावी लागते.

आता गाडीकडे येऊ. ताशी १०० किलोमीटर वेगानं धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मार्गात अडथळा आला, तर ६०० मीटरवर लाल बॅनर लावायचा आणि १२०० मीटरवर रुळावर दहा-दहा मीटर अंतरानं तीन डिटोनेटर, म्हणजे फटाके, ठेवायचे. गाडीची चाकं त्यांवरून गेली की मोठा आवाज होतो आणि मोटरमन गाडी थांबवतो. नियम जुना आणि खात्रीचा आहे. पण १२०० मीटर माणूस धावत जायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि गाडी तेवढंच अंतर ४३ सेकंदांत कापते. क्रेन पडायला लागतात चार-पाच सेकंद.

तैवानमध्ये २ एप्रिल २०२१ रोजी हुआलिएनजवळ रेल्वेशेजारच्या उतारावर चाललेल्या कामावरचा एक ट्रक घसरून रुळांवर आला. थोड्याच वेळात तारोको एक्स्प्रेस त्याच्यावर आदळून बोगद्यात घुसली. मोटरमनला ट्रक दिसला तेव्हा थांबण्याएवढं अंतर उरलेलं नव्हतं. ४९ माणसं गेली. तिथं क्रेन नव्हती, गर्डर नव्हता. शेजारच्या कामातली एक वस्तू रुळांवर आली, एवढंच घडलं होतं. आपल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजारांच्या आसपास माणसं असतात.

आढाव्यात प्रत्येक धोक्यापुढे दोन आकडे लिहितात. घडण्याची शक्यता एक ते पाच, आणि घडलं तर गांभीर्य एक ते पाच. दोघांचा गुणाकार म्हणजे जोखीम. क्रेन कोसळून गाडीवर पडणे: शक्यता ३, गांभीर्य ५, एकूण १५. मग उपायांची यादी येते: मोठी मॅट, परवानाधारक ऑपरेटर, तपासलेले स्लिंग, वाऱ्याची मर्यादा. शेवटी नवा आकडा: शक्यता १, गांभीर्य ५, एकूण ५. ५ म्हणजे हिरवा रंग, आणि काम मंजूर.

माझा या हिरव्या रंगावर कधी विश्वास बसला नाही. त्या यादीतल्या एकाही उपायानं गांभीर्य कमी झालेलं नाही. चांगली मॅट टाकली म्हणून पडलेली बूम हलकी होत नाही. गांभीर्याचा आकडा खाली आणणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे गाडी तिथं नसणं. ब्लॉक असताना क्रेन पडली, तर क्रेन जाते, रूळ वाकतात, विजेच्या तारा तुटतात, सकाळची वाहतूक बंद पडते, काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका असतोच. पण हजारो प्रवासी त्या हिशेबात नसतात. म्हणून ज्या उचलीत बूमची पूर्ण लांबी रुळांपर्यंत पोचते, ती ब्लॉकमध्येच करायची, हा माझा आग्रह. उचल लहान असेल आणि ब्लॉक मिळणारच नसेल, तर इतकी आखूड बूम लावा की ती पडली तरी रुळांच्या अलीकडे पडेल. तेही जमत नसेल, तर ते सामान हातानं न्या.

आपल्या उदाहरणात मग चौथ्या मार्गाचं काय? वाटाघाटीत तोडगा निघतो तो असा. पहिले दोन मार्ग पूर्ण तीन तास बंद. तिसरा आणि चौथा, वजन हवेत असेल तेवढा वेळ बंद. गर्डर दोन्ही टोकांना टेकला, बोल्ट अडकले, हूक मोकळा झाला, की मालगाडी सोडा. यात सव्वा तास जातो. रेल्वे तो देते, जर मागणारा नेमका आकडा आणि त्यामागचं कारण घेऊन गेला तर.

बंदी असलेल्या जागांची आखणी याच विचारानं होते. सगळ्यांत बाहेरचं वर्तुळ क्रेन पडण्याचं, म्हणजे बूमच्या लांबीचं आणि त्यावर थोडं. आत गर्डरखालची आणि तो फिरेल त्या मार्गाखालची पट्टी. तिच्यात वजन हवेत असताना कुणीही नाही, साहेबही नाही. मधल्या फलाटाचा तेवढा भाग मोकळा करून दोरी नव्हे, लोखंडी कठडे लावायचे, कारण शेवटच्या लोकलनंतरही फलाटावर माणसं झोपलेली असतात. क्रेनच्या मागं काउंटरवेट फिरतं. ते आणि भिंत यांच्यात माणूस चिरडण्याचा धोका असतो, म्हणून मागचा अर्धगोलही बंद. ही सगळी वर्तुळं क्रेनची झाली. रुळांची स्वतःची एक पट्टी वेगळी असते. रुळांच्या मध्यापासून ६ मीटरच्या आत कंत्राटदाराचं वाहन किंवा यंत्र आणायचं, तर रेल्वेचा अधिकृत माणूस हजर हवा. साडेतीन मीटरच्या आत ब्लॉकशिवाय काहीच नाही. ही पट्टी आखायला माती-चुन्याची रेघ पुरत नाही. पहिल्या पावसात ती जाते. खांब रोवून कठडा बांधा.

लोकांना सर्वांत परिचित धोका विजेचा, पण त्यातली खरी मेख कमी जणांना माहीत असते. रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. मुंबईत पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, तो बदलून आता सगळीकडे २५ हजारांचा एसी आहे. जुन्या खलाशांच्या सवयी १५००च्या काळातल्या होत्या. इतक्या दाबाची वीज अंगावर यायला तारेला हात लागावा लागत नाही, नुसतं जवळ जाणं पुरतं. म्हणून चालू तारेपासून दोन मीटरच्या आत माणूस, अवजार, काहीही न्यायचं असेल, तर आधी वीज बंद. क्रेनचा दोर झोके घेतो, म्हणून क्रेनसाठी त्याहून जास्त अंतर धरायचं.

पण ट्रॅफिक ब्लॉक मिळाला म्हणजे वीज बंद झाली असं नव्हे. गाड्या थांबवणं वेगळं आणि पॉवर ब्लॉक वेगळा. वीज बंद झाल्याचा लेखी परवाना हातात आल्याशिवाय तार मेलेली समजायची नाही. आणि परवाना आल्यावरही ती पूर्ण मेलेली नसते. शेजारच्या मार्गावरची तार चालू असेल, तर तिच्यामुळे बंद तारेतही दाब उभा राहतो, माणूस मरेल इतका. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार रुळाशी, म्हणजे जमिनीशी जोडायची. एका बाजूला लावून भागत नाही. उभ्या क्रेनच्या बूममध्येही असाच दाब येतो. हूकला हात लावणाऱ्या खलाशाला झटका बसतो आणि तो दचकून खाली पडतो. क्रेनलाही स्वतंत्र अर्थिंग हवं, आणि गर्डर वळवायला धरलेली दोरी कोरडी आणि तिच्यात तारेचा धागा नसलेली हवी.

आता वेळेचा हिशेब. ब्लॉक १.१० ला सुरू. वीज बंद झाल्याचा परवाना १.२५ ला, दोन्ही अर्थिंग लागेपर्यंत १.३५. दुसऱ्या टोकाला, ४.१० ला मार्ग परत द्यायचा तर वीज सुरू करायला आणि अर्थिंग काढायला पंचवीस मिनिटं हवीत, म्हणजे ३.४५ ला माणसं आणि सामान रुळांबाहेर. तीन तासांचा ब्लॉक प्रत्यक्षात दोन तास दहा मिनिटांचा निघाला. त्यात थोडं उचलून धरण्याची चाचणी १० मिनिटं, वर नेऊन फिरवणं २५, बसवून बोल्ट लावणं ४०, हूक सोडून बूम आत घेणं १५. चाचणीनंतरची कामं ८० मिनिटांची. अडचणींसाठी २० मिनिटं हातात ठेवायची. तेव्हा ३.४५ मधून १०० मिनिटं मागं गेलं की येतात २.०५.

हे २.०५ म्हणजे त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा आकडा. त्यानंतर गर्डर जमीन सोडणार नाही. आधीची कामं वेळेत झाली तर चाचणी १.४५ ला संपते आणि वीस मिनिटं हाताशी राहतात. पण ब्लॉक उशिरा मिळाला, परवाना अडला, पाऊस आला, तर २.०५ ला काम बंद, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. क्रेनचं भाडं जातं, रेल्वेकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, वरिष्ठ रागावतात. एका कामावर आमचा ब्लॉक पस्तीस मिनिटं उशिरा मिळाला होता. मी थांबायला सांगितलं. वरचे म्हणाले, मुलं जोर लावतील. गर्डर उचलला. ३.२० ला क्रेनचा हायड्रॉलिक पाइप फुटला, गर्डर एका टोकाला टेकलेला आणि दुसऱ्या टोकाला हूकवर. राखीव पाइप गाडीत होता, पण तो लावणारा फिटर घरी होता. सकाळची पहिली लोकल सुटली ती पाच वाजून गेल्यावर. कुणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कागदात २.०५ सारखी एक वेळ, ती पाळण्याचा अधिकार असलेल्या एकाच माणसाचं पद, आणि राखीव पाइपाशेजारी फिटरही जागेवर, अशी नोंद असते.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. बूमच्या टोकावर वारा मोजायचा, जमिनीवर नव्हे. वर तो बराच जास्त असतो. क्रेन बनवणाऱ्यानं दिलेली मर्यादा ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास असते, पण रुंद पत्रे लावलेल्या गर्डरसाठी ती आणखी खाली आणावी लागते. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा वारा दहा मिनिटांत उठतो. तेव्हा धोका काम चालू असतानापेक्षा काम संपल्यावर जास्त असतो. दमलेला ऑपरेटर बूम तशीच उभी ठेवून झोपायला जातो, आणि चार मार्गांवर गाड्या सुरू झालेल्या असतात. काम नसताना बूम आत घेऊन खाली, रुळांना समांतर ठेवायची, हे आढाव्यातलं शेवटचं कलम. पाळलं न गेलेलं मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कलमही हेच.

हे एक कलम असं आहे की ते बाहेरच्या माणसालाही तपासता येतं. आपल्या खिडकीतून, गच्चीवरून किंवा फलाटावरून रुळांशेजारी उंच बूम उभी दिसली, जवळ कुणी माणूस नाही, गाड्या चालू आहेत आणि आभाळ भरून आलंय, तर वाट पाहू नका. जवळच्या स्टेशन मास्तरांना जाऊन सांगा, किंवा १३९ वर फोन करा. कुठलं स्थानक, कुठली बाजू आणि जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक एवढं सांगितलं की पुरतं.